एकच स्टेटमेंट, दोन सरासऱ्या: १ लाख ४४ हजार की ३३ हजार ७५०?

*ताई, मी नागपुरात स्वतंत्रपणे इंटिरियर डिझाइनचं काम करते. ऑफिस नाही, एक मदतनीस मुलगी तेवढी येते. मनीषनगरात भाड्यानं राहते. बेसा भागात तयार फ्लॅट बघितलाय, त्यासाठी २५ लाखांचं कर्ज हवंय. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या बारा महिन्यांत माझ्या खात्यात १७ लाख २८ हजार जमा झाले. बारानं भागलं तर महिन्याला १ लाख ४४ हजार. बँकेतल्या साहेबांनी मात्र माझं उत्पन्न ३३ हजार ७५० धरलं आणि १५ लाखांच्या वर सरकायला ते तयार नाहीत. गाडीचा ३,२०० रुपयांचा हप्ता सोडला तर डोक्यावर काही नाही. माझ्या कामात कधी एकदम लाख येतात, कधी महिना कोरडा जातो, म्हणून असं करतात का? स्टेटमेंट, दोन वर्षांचे रिटर्न आणि खर्चाची वही यांच्या प्रती सोबत पाठवते आहे.*
*– एक वाचक, मनीषनगर*

तुमचं स्टेटमेंट घेऊन मी दोन संध्याकाळी पेन्सिलीनं खुणा करत बसले. कर्ज विभागातून निवृत्त झाले तरी ही खोड गेलेली नाही. साहेबांच्या आकड्यापासून सुरुवात करते, कारण तो समजायला सोपा आहे. तुमचा कोरडा महिना त्यांनी पाहिलेलाच नाही. त्यांनी फक्त तुमचे दोन रिटर्न उघडले. २०२३-२४ चं निव्वळ उत्पन्न ३ लाख ८० हजार, २०२४-२५ चं ४ लाख ३० हजार. दोन्हींची सरासरी ४ लाख ५ हजार, भागिले बारा, ३३ हजार ७५०. स्टेटमेंट त्यांच्यासाठी उत्पन्न मोजायचा कागद नव्हताच. रिटर्नमध्ये लिहिलेलं खरंच खात्यात येतं का, एवढं पडताळण्यापुरता तो होता. त्यामुळे "माझी आवक बघा ना साहेब" असं कितीही म्हटलं तरी त्यांचा आकडा हलणार नाही.

आता तुमचा आकडा. स्टेटमेंटच्या जमा रकान्याची बेरीज म्हणजे तुमची कमाई नव्हे. त्या रकान्यात पाच प्रकारचे पैसे आहेत आणि कमाई त्यांतला एकच प्रकार आहे.

सप्टेंबरात तुमची २ लाखांची एफडी मोडून खात्यात आली. ती तुमचीच जुनी बचत. वर्षभरात दुसऱ्या खात्यातून या खात्यात ६० हजार तुम्हीच वळते केलेत. जानेवारीत भावानं १ लाख पाठवले, ते फ्लॅटच्या टोकनसाठी असावेत. आणि फेब्रुवारीतली एक गंमत: ४८ हजारांचा चेक ११ तारखेला जमा दिसतो, १३ ला परत गेलेला दिसतो आणि १९ ला पुन्हा जमा. बेरजेत तो दोनदा आलाय, वजा झालेली नोंद नावे रकान्यात बसल्यामुळे तुमच्या नजरेतून सुटली. या चेकवर मी जरा जास्तच थांबले, त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका मंडप डेकोरेशनवाल्याची फाईल केली होती. असेच दोन परत गेलेले चेक मी आवकेत मोजले आणि त्याची ऐपत फुगवून वर पाठवली. पहिल्याच पावसाळ्यात त्याचे हप्ते थांबले. वसुलीला त्याच्या घरी गेलेला माणूस मीच होते.

पण हे सगळं किरकोळ. मोठी रक्कम प्लायवूडची आहे. तुमचे ग्राहक प्लाय, लॅमिनेट, हार्डवेअर आणि सुताराची मजुरी यांचे पैसेही तुमच्याच खात्यात टाकतात आणि तीन-चार दिवसांत ते तुम्ही दुकानदाराला नि सुताराला देता. नावे बाजूला त्याच आठवड्यात जवळपास तेवढीच रक्कम बाहेर गेलेली दिसली की समजायचं, हा पैसा फक्त पाहुणा होता. अशा नोंदी मी जुळवल्या तेव्हा ४ लाख ८० हजार निघाले.

२ लाख, ६० हजार, १ लाख, ४८ हजार आणि ४ लाख ८० हजार मिळून ८ लाख ८८ हजार. १७ लाख २८ हजारांतून ते गेले की उरतात ८ लाख ४० हजार. ही तुमची फी. बारानं भागलं तर महिन्याला ७० हजार.

यात एक गोष्ट मात्र वाढवायची आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमचे दोन ग्राहक कंपन्या आहेत. त्यांनी २ लाखांच्या फीमधून दहा टक्के टीडीएस कापून १ लाख ८० हजारच पाठवले. कापलेले २० हजार तुमचीच कमाई आहे, ती फक्त सरकारकडे आगाऊ गेली. तुमच्या नावावर कापलेला कर दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये ती दिसते. म्हणजे एकूण फी ८ लाख ६० हजार. तुमच्या रिटर्नमध्येही एकूण जमा नेमकी एवढीच लिहिली आहे, म्हणजे तुमच्या सीएंनी हीच गाळणी आधी लावलेली होती. त्यांचं काम चोख आहे.

हे घरी करायचं असेल तर स्टेटमेंट एक्सेलमध्ये घ्या, जमा रक्कम डी रकान्यात ठेवा आणि ई रकान्यात प्रत्येक नोंदीपुढे एक शब्द लिहा: फी, माल, स्वतःचे, घरचे, परत. मग एवढंच:

```
=SUMIFS(D:D,E:E,"फी")/12
```

महिन्यांची वेगळी यादी करून त्यावर AVERAGE लावण्याचा मोह होईल, पण तिथे सापळा आहे. तुमचा जुलै कोरडा आहे. तो चौकोन रिकामा ठेवलात तर AVERAGE त्याला मोजतच नाही, अकरानं भागतं आणि ७० च्या जागी ७६ हजारांवर उत्तर देतं. रिकामा महिना हाही महिनाच आहे, घरभाडं त्यालाही द्यावं लागतं. तिथे शून्य लिहा किंवा सरळ बारानं भागा.

बाराच महिने का, सहा का नाही, याचं उत्तर तुमच्या स्टेटमेंटमध्येच आहे. एप्रिल ते सप्टेंबर तुमची फी २ लाख ५० हजार. ऑक्टोबर ते मार्च ५ लाख ९० हजार. पहिल्या सहा महिन्यांवरून तुम्ही महिना ४१ हजारांच्या बाई, दुसऱ्या सहांवरून ९८ हजारांच्या. होळीला सुतार गावी जातात, पावसात पॉलिशचं काम रेंगाळतं, पितृपक्षात नवीन काम कोणी सुरू करत नाही, आणि मग दिवाळीच्या आत घर तयार हवं म्हणून सगळे एकदम धावतात. बारा महिन्यांच्या पट्ट्यात हे सगळे ऋतू एकेकदा येतात.

दिवाळी तेवढी दगा देते. २०२४ ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला होती, २०२५ ची ऑक्टोबरच्या २०-२१ ला. १ नोव्हेंबर २०२४ ते ३१ ऑक्टोबर २०२५ असं स्टेटमेंट घेतलं तर त्यात दोन दिवाळ्या बसतात, आणि काम ताब्यात देताना मिळणारे शेवटचे हप्ते दोनदा मोजले जाऊ शकतात. म्हणून मी हिशेबाला आर्थिक वर्ष घेतलं. रिटर्नशी ताडून बघायलाही तेच बरं पडतं. बँक अर्जाच्या दिवसापर्यंतचं ताजं स्टेटमेंट मागेल, ते द्याच. त्यात आकडा उगीच चढलेला दिसला तर दिवाळी आठवा आणि साहेबांनी विचारायच्या आत तुम्हीच सांगा.

तर तुमची फी महिन्याला साधारण ७० हजार. मग रिटर्नमध्ये ४ लाख ३० हजार कुठून आले? ८ लाख ६० हजारांचे बरोबर निम्मे. तुमचं रिटर्न आयकर कायद्याच्या कलम ४४एडीएखाली भरलं आहे. ते कलम ज्या व्यवसायांना लागू होतं, त्यांत इंटिरियर डेकोरेशनचं नाव स्पष्ट आहे. त्यात हिशेबाच्या वह्या न ठेवता एकूण फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. पण कायद्याचे शब्द "निम्मी, किंवा प्रत्यक्षात जास्त कमावली असेल तर ती जास्त रक्कम" असे आहेत. बहुतेक लोक निम्म्यावर थांबतात, कारण कर कमी लागतो असा समज.

तुमच्या वहीप्रमाणे मदतनीस मुलीचे पैसे, पेट्रोल, सॉफ्टवेअर, प्रिंट आणि फोन मिळून वर्षाचा खर्च २ लाख आहे. म्हणजे खरं निव्वळ उत्पन्न ६ लाख ६० हजार, महिना ५५ हजार. आणि नव्या करप्रणालीत २०२४-२५ या वर्षासाठी ७ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्यच होता. एफडीचं व्याज धरूनही तुम्ही त्या रेषेच्या आत राहता. २०२५-२६ पासून ती रेषा १२ लाखांवर गेली आहे. म्हणजे ४ लाख ३० हजार दाखवून तुमचा एक रुपया कर वाचला नाही. कर्जाची ऐपत तेवढी कापली गेली. इथे मात्र सीएंना एकट्यांना दोष देऊ नका. तुम्ही घर घेणार आहात हे त्यांना सांगितलं होतं का?

फरक किती पडतो ते बघू. निव्वळ मासिक उत्पन्नाच्या साधारण निम्म्यापर्यंत सगळे हप्ते मिळून बसावेत, असं बँका धरतात. काही ४० टक्क्यांवर थांबतात, काही पुढे जातात. मी निम्मं धरते. ९ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत असेल तर दर लाखाला ९०० रुपये हप्ता येतो. ३३ हजार ७५० चे निम्मे १६ हजार ८७५, त्यातून गाडीचे ३,२०० गेले की १३ हजार ६७५. त्यावर कर्ज बसतं १५ लाख २० हजारांच्या आसपास. साहेबांचे पंधरा लाख आले ते इथून. ५५ हजार धरले तर निम्मे साडेसत्तावीस, गाडीचा हप्ता वजा करून २४ हजार ३००, म्हणजे बरोबर २७ लाख. तुमचे पंचवीस यात बसतात.

मग आता काय करायचं? सुधारित रिटर्न ठरलेल्या मुदतीत भरता येतं, २०२४-२५ साठी ती मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती, आणि खर्चाचा आकडा खरा असेल तर ते भरणं पूर्ण कायदेशीर आहे. सीएंशी बोला. पण त्यानं एका फटक्यात काम होईल असं समजू नका. सुधारित रिटर्नवर भरल्याची तारीख असते. कर्ज नाकारल्यावर महिन्याभरात उत्पन्न दीडपट झालेलं दिसलं की कोणताही अधिकारी भुवया उंचावतो, मी तर उंचावल्याच असत्या. शिवाय आधीच्या वर्षाचे ३ लाख ८० हजार तसेच राहतात. दोन वर्षांची सरासरी ५ लाख २० हजार होईल आणि कर्ज साडेवीस लाखांच्या जवळपास. २०२५-२६ चं रिटर्न मुदतीत, खऱ्या आकड्यानिशी भरलंत आणि काम असंच चालू राहिलं, तर त्यानंतर दोन्ही वर्षं ६ लाख ६० हजारांच्या आसपास दिसतील. तेव्हा पंचवीस मागायला वाद घालावा लागणार नाही. फ्लॅटवाला थांबणार नसेल तर गोष्ट वेगळी, पण बेसा भागात तयार फ्लॅटचा दुष्काळ आहे असं मला तरी वाटत नाही.

या मधल्या काळात एक काम आजपासून करा. फीसाठी एक खातं आणि मालासाठी दुसरं. त्याहून बरं म्हणजे प्लायवूडचं बिल ग्राहकाच्या नावानं फाडून पैसे त्यांना थेट दुकानदाराला देऊ द्यायचे. हे बँकेसाठी तर आहेच, पण मालासकट एकरकमी बिल तुमच्या नावानं निघत असेल तर ती सगळी रक्कम तुमची उलाढाल ठरू शकते. मग ४४एडीए लागू आहे का, हाच प्रश्न उभा राहतो. तुमच्या पाठवलेल्या बिलांवरून तसं दिसत नाही, पण सीएंकडून एकदा खात्री करून घ्या.

अर्ज करताना फाईलला एक पानी जुळणी जोडा. वर लिहा "एकूण जमा १७,२८,०००", खाली एकेक वजाबाकी तारखांसह, शेवटी फी आणि टीडीएस मिळून रिटर्नमधली रक्कम. अधिकाऱ्याला हे स्वतः शोधायला वेळ नसतो. खात्यात १७ लाख आणि रिटर्नमध्ये ८ लाख ६० हजार एवढंच दिसलं तर त्याच्या मनात पहिली शंका कर चुकवल्याची येते. सगळ्या खात्यांची स्टेटमेंट द्या, दुसरं खातं लपवलं तर तिथून आलेले ६० हजार कोणाचे हे सिद्ध होत नाही. आणि स्टेटमेंट नेटबँकिंगवरून उतरवलेलं मूळ पीडीएफच द्यायचं. तुम्ही मला जसं पाठवलंत, छापून, रेघा मारून, पुन्हा स्कॅन करून, तसं बँकेला चालत नाही. त्यांच्या संगणकात अशी फाईल वाचलीच जात नाही किंवा तिच्यावर फेरफाराचा शिक्का बसतो. खात्याची माहिती थेट बँकेला पोचवणाऱ्या अकाउंट अॅग्रिगेटरसाठी संमती मागितली तर द्या, त्यात कागदच हाताळावे लागत नाहीत.

रिटर्न बाजूला ठेवून फक्त खात्यावर कर्ज देणाऱ्या काही वित्त कंपन्याही भेटतील. त्या जमा मोजत नाहीत, शिल्लक मोजतात. दर महिन्याच्या ५, १५ आणि २५ तारखेची शिल्लक, किंवा अशाच ठरावीक दिवसांची, बारा महिने घेऊन तिची सरासरी काढतात आणि तिच्या काही हिश्शाएवढा हप्ता बसेल तेवढं कर्ज देतात. तुमच्यासाठी हे फायद्याचं नाही. प्लायचे पैसे चार दिवसांत निघून जातात, शिल्लक बारीकच राहते, आणि व्याजही बँकेपेक्षा चढं लागतं. त्या तारखांना उसने पैसे आणून ठेवायचे सल्ले सीताबर्डीत चहाच्या टपरीवरही फुकट मिळतात. चार तारखेला आले आणि सहाला गेले, हे पुढच्याच ओळीत दिसतं.

बँक सरासरीवर हप्ता ठरवेल, भरायचा मात्र तो एप्रिल-जुलैमध्येही आहे. तुमच्या यादीत त्या चार महिन्यांत फी आली ६०, ३५, २० हजार आणि शून्य. एकूण १ लाख १५ हजार. कामाचा खर्च या चार महिन्यांत साधारण ६७ हजार, उरले ४८ हजार. आता समोर ठेवा: २५ लाखांचा हप्ता २२ हजार ५००, चार महिन्यांचे ९० हजार. गाडीचे १२ हजार ८००. भाडं वगळून घरखर्च महिना २५ हजार धरला तर १ लाख. मिळून २ लाख २ हजार ८००. कमी पडतात जवळजवळ १ लाख ५५ हजार. म्हणजे मार्चअखेर एवढी रक्कम हातात नसेल तर जुलै संपायच्या आत एखादा हप्ता परत जाणार. तो एकदा परत गेला की तुमच्या त्या फेब्रुवारीतल्या चेकसारखाच कुठल्या तरी अधिकाऱ्याच्या पेन्सिलीखाली येणार.

वर्षाचा हिशेबही फार सैल नाही. ६ लाख ६० हजारांतून हप्ते आणि घरखर्च जाऊन जेमतेम ५० हजार उरतात. बँक २७ देईल तरी मी तुमच्या जागी असते तर २२ लाखांवर थांबले असते, हप्ता १९ हजार ८०० वर येतो. आणि सप्टेंबरात मोडलेल्या एफडीचे २ लाख अजून शिल्लक असतील तर ते डाउन पेमेंटमध्ये घालू नका. भावाचे लाख घाला, दुसरं काही असेल तर घाला. त्या दोन लाखांतले १ लाख ५५ हजार वेगळ्या खात्यात ठेवा, ऑक्टोबरात पैसे आले की पुन्हा तेवढेच भरून काढा. हप्त्याची तारीख बँक निवडू देत असेल तर ग्राहकांकडून तुम्हाला नेहमी पैसे कधी मिळतात ते यादीत बघून ठरवा. तुमच्याकडे बहुतेक नोंदी ८ ते १२ तारखेच्या आहेत, म्हणजे ५ नको, १५ मागा.